पट्टा काढून द्या जी

तुळशीचं लग्न लागलं की नागपुरात माणसांच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. बोलणी सुरू झाली की बायोडाटा लागतो, बायोडाट्याला फोटो लागतो, आणि त्या फोटोतल्या मुलाच्या गळ्यात हमखास कंपनीचा पट्टा असतो. कधी निळा, कधी लाल, कधी काळ्या पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत दर दोन इंचांवर कंपनीचं नाव छापलेला. त्याच्या टोकाला प्लास्टिकच्या खोळीत आयकार्ड. त्या आयकार्डावरचा फोटो असा की तो पाहून मुलगी सोडाच, गेटवरचा वॉचमनही दोनदा विचार करेल.

मुलं असे फोटो का देतात, याचं उत्तर सरळ आहे. ती स्टुडिओत हसत नाहीत. स्टुलावर बसवून ‘हनुवटी जरा खाली, खांदे सरळ’ म्हटलं की चांगल्या हसऱ्या मुलाच्या चेहऱ्यावर परीक्षेला बसल्याचे भाव येतात. त्याचं खरं हसू सांडतं ते मिहानमधल्या ऑफिसात, दिवाळीच्या कार्यक्रमात, नाहीतर कुणाच्या वाढदिवसाचा केक तोंडाला फासला जायच्या अर्धा सेकंद आधी. तिथे काचेच्या मोठ्या खिडकीतून मऊ उजेड येत असतो, समोर मित्र असतात, फोटो काढणाराही मित्रच असतो. फक्त गळ्यात पट्टा असतो, कारण तो काढून ठेवला तर दारं उघडत नाहीत.

मग तो फोटो घेऊन घरची माणसं आमच्याकडे येतात. धरमपेठ असो, सदर असो की महाल, फोटो दुरुस्त करून देणाऱ्या कुठल्याही दुकानात वाक्य एकच ऐकू येतं. “बाकी काही नाही, फक्त पट्टा काढून द्या जी. पाच मिनिटाचं तर काम आहे.”

त्यांचं म्हणणं एका अर्थी खरं आहे. पट्टा काढायला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत. पंचाईत त्याच्यानंतर सुरू होते. पट्टा उचलला की खालचा शर्ट दिसेल, अशी गिऱ्हाइकाची समजूत असते. ऑफिसात ते बरोबर आहे, फोटोत नाही. कॅमेऱ्याने पट्ट्याखालचा शर्ट पाहिलेलाच नाही, त्यामुळे फोटोत त्या जागी पट्टा सोडून काहीच नाही. तिथला शर्ट नव्याने करावा लागतो, बटणपट्टी शिवावी लागते, कॉलर बसवावी लागते आणि वेळ पडली तर चार बोटं मानही घडवावी लागते. हे इतवारीतल्या रफूगाराचं काम आहे. तो जसा त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागा काढून भोक बुजवतो, तसा आम्ही त्याच फोटोतला कपडा उचलून पट्ट्याची जागा भरतो. बाहेरचा धागा कितीही चांगला असला तरी तो उठून दिसतोच.

शिवाय पट्टा एकटा राहत नाही. तो दिवसभर गळ्यात असतो, त्यामुळे त्याने बरेच उद्योग करून ठेवलेले असतात. त्याची सावली शर्टावर पडलेली असते. लाल पट्टा असेल तर पांढऱ्या कापडावर त्याच्या काठाने गुलाबी झाक आलेली असते. कार्डाच्या वजनाने कापड ओढलं जाऊन सुरकुत्या पडलेल्या असतात, आणि त्या सगळ्या बोट दाखवल्यासारख्या पट्ट्याकडेच धावतात. फोटो नवतप्यातला असेल तर पट्ट्याखाली घामाचा ओला पट्टाही असतो. नवशिका माणूस पट्टा पुसतो आणि सावली, झाक, सुरकुत्या, घाम हे सगळे साक्षीदार जागेवर ठेवतो. फोटो पाहणाऱ्याला मग पट्टा दिसत नाही, पण काहीतरी काढलंय हे मात्र लगेच कळतं.

दुरुस्तीची ही हौस काही संगणकासोबत आलेली नाही. 1855 साली पॅरिसच्या प्रदर्शनात म्युनिकच्या फ्रान्झ हान्फश्टेंग्लने एकाच माणसाच्या फोटोच्या दोन प्रती मांडल्या होत्या, एक दुरुस्त केलेली आणि एक जशीच्या तशी. लोक थक्क झाले, आणि तेव्हापासून फोटो काढून घेणाऱ्याला आपण मुळात जसे आहोत तसं दिसण्यात रस उरला नाही. आपल्याकडच्या जुन्या स्टुडिओंत रिटचिंग करणारा माणूस खिडकीपाशी उतरत्या मेजावर निगेटिव्ह ठेवून कडक शिशाच्या पेन्सिलीने त्यावर बारीक ठिपके देत बसे. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं. पेन्सिल लावली की ती जागा छापील फोटोत उजळते, आणि पात्याने जरासं खरवडलं की गडद होते. डोळ्यांखालची काळी वर्तुळं त्या पेन्सिलीने गेली, देवीचे व्रण गेले. पट्टा काढायची वेळ त्या माणसावर फारशी आली नसावी, कारण त्या काळी फोटो काढायला जाताना लोक गळ्यातलं काढून ठेवत नसत, उलट शेजाऱ्याकडून मागून आणून घालत.

आता एक फोटो नीट हातात घेऊ. मनीषनगरकडचे एक काकाजी तो घेऊन आले होते. मुलगा छातीपर्यंत दिसतो, अंगात निळ्या-पांढऱ्या चौकडीचा शर्ट, गळ्यात लाल पट्टा, उजेड डावीकडच्या खिडकीतून. हसू इतकं मोकळं की पाहणाऱ्यालाही हसू यावं. मी आपलं सुचवून पाहिलं, की मुलाला एकदा पाठवा, नवीन फोटो काढू.

“तो येते कुठं जी! आन् आला तरी तुमच्यासमोर असा हसते का?” काकाजी म्हणाले. यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

पहिली गोष्ट, फोटो मुळातला मिळवणं. काकाजींच्या फोनमध्ये तो मुलाकडून बहिणीकडे, बहिणीकडून आईकडे आणि आईकडून काकाजींकडे असा फिरून आला होता. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान केला जातो, कापडाची वीण आधी मरते आणि उरतो नुसता रंग. विणीशिवाय शर्ट रफू कसा करणार? म्हणून मुलाकडूनच तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवला. तसा पाठवला की जसाच्या तसा येतो. ‘एवढ्यासाठी पुन्हा फोन करू का,’ असं काकाजींच्या चेहऱ्यावर होतं, पण केला बिचाऱ्यांनी.

फोटो मोठा करून पाहिला, तर लाल रंग पट्ट्याच्या काठाबाहेर दोन-तीन ठिपके सांडलेला होता. ही चूक कुणाची नाही. आपण नेहमी वापरतो ती जेपेग फाइल उजेड-अंधार बारकाईने साठवते, पण रंग बहुतेक वेळा त्याच्या निम्म्या बारकाईने ठेवते, कारण माणसाच्या डोळ्याला रंगातला ढिसाळपणा सहसा कळत नाही. गडद लाल पट्टा पांढऱ्या चौकटीला लागून आला की मात्र तो कळतो. त्यामुळे पट्टा निवडताना त्याच्या काठावरून न जाता थोडं बाहेरून जावं लागतं. काठावरून काटकसर केली, तर पट्टा गेल्यावर जागेवर दोन गुलाबी रेघा उरतात आणि शर्ट धुताना रंग लागलाय असं वाटतं.

कार्डाचा प्रश्न सगळ्यात स्वस्तात सुटला. ते पोटावर लोंबत होतं, आणि बायोडाट्याला छातीपर्यंतच फोटो हवा असतो. तेवढा भाग कापून टाकला. जे चौकटीबाहेर घालवता येतं ते रंगवत बसू नये, हा या धंद्यातला पहिला आणि सगळ्यात फायद्याचा नियम.

मग मूळ फोटोला हात न लावता त्याच्यावर एक कोरा थर घेतला आणि क्लोन स्टॅम्पला `Current & Below` सांगितलं. याचा अर्थ एवढाच, की उचलायचं खालच्या फोटोतून आणि लावायचं वरच्या कोऱ्या थरावर. क्लोन स्टॅम्प हे फोटोशॉपचं अगदी जुनं अवजार. 1990 साली नोल बंधूंचं फोटोशॉप बाजारात आलं तेव्हापासूनचं. Alt दाबून एका जागी टिचकी मारली की ती जागा उचलली जाते, आणि दुसरीकडे ब्रश फिरवला की तिथे उतरते. दिसायला इतकं सोपं आहे की पोरं अर्ध्या तासात शिकतात. कुठून उचलायचं, हे शिकायला मात्र पुढची बरीच वर्षं जातात.

शर्ट एकरंगी असता तर काम लवकर आटपलं असतं. चौकडी म्हणजे हिशेब. प्रत्येक आडवी रेघ पट्ट्याच्या डाव्या काठाशी थांबते आणि उजव्या काठापासून पुन्हा सुरू होते, आपण फक्त मधली जोडायची. मी वरून सुरुवात केली. पहिली रेघ जुळली, दुसरी जुळली, तिसरी थोडी ओढून घ्यावी लागली. चौथीला डावीकडची रेघ उजवीकडच्या रेघेच्या अर्धी चौकट खाली निघाली.

इथे हात थांबवून विचार करावा लागतो. दोन टोकं तिरक्या रेघेने जोडली, तर त्या ठिकाणी कापड मोडल्यासारखं दिसतं, आणि असं तिरकं विणलेलं कापड जगात कुठल्या गिरणीत निघत नाही. खरी गोष्ट अशी, की पट्ट्याच्या वजनाखाली कापड गोळा होऊन एक चुणी पडली होती आणि अर्धी चौकट त्या चुणीच्या पोटात गेली होती. कॅमेऱ्याला चुणी दिसली नाही, कारण वर पट्टा होता. पट्टा काढल्यावर ती अर्धी चौकट कुठे गेली याचं उत्तर द्यावंच लागतं. म्हणून तिथे एक चुणी घडवली. डावीकडची रेघ सरळ नेऊन एका जागी बुडवली, उजवीकडची तिथूनच उगवू दिली, आणि मधोमध एक बारीक गडद रेघ ओढली. उजेड डावीकडून होता, म्हणून चुणीचा डावा उतार थोडा उजळला आणि उजव्या बाजूला मऊ सावली दिली. आता डोळा म्हणतो, बरोबर, इथे घडी आहे. शर्टावर नको असलेली वस्तू काढायला गेलो आणि शर्टावर नसलेली घडी घालून आलो. काकाजींना हे सांगितलं असतं तर त्यांनी इस्त्रीचेही पैसे कापून घेतले असते.

घाईत असलेले लोक इथे एक सोपी वाट काढतात. शर्टाची एक बाजू स्वच्छ असेल तर ती उचलायची, आडवी पलटायची आणि दुसऱ्या बाजूला चिकटवायची. माणूस दोन्हीकडून सारखाच, मग शर्टही सारखाच, असा त्यामागचा युक्तिवाद. शर्टाला तो मान्य नाही. पुरुषाच्या शर्टात डावी पट्टी उजवीवर येते, काजं डाव्या अंगाला आणि बटणं उजव्या. बायकांच्या शर्टात नेमकं उलटं. पलटलेला तुकडा बटणपट्टीपर्यंत आला की मुलाच्या अंगात बहिणीचा शर्ट येतो. खिसा डाव्या छातीवर असतो, तो उजव्या छातीवर जातो, आणि डावीकडचा मूळ खिसाही तसाच राहिला तर दोन खिसे होतात. दोन खिशांचा शर्ट वाईट नाही, पण फोटोच्या वरच्या भागात एकच खांदा उजळ असताना खाली दोन्ही खिशांच्या सावल्या एकमेकींकडे तोंड करून पडलेल्या असतात, म्हणजे खोलीत दोन सूर्य आहेत. असे शर्ट मी बायोडाट्यांत पाहिले आहेत. काकू-मावश्या ते पकडतात. काय चुकलंय हे त्यांना सांगता येत नाही, पण “पोट्टा बरा आहे, पण काहीतरी खटकून राह्यलं बाई” एवढं त्या बरोबर म्हणतात.

पलटून चालतं ते कॉलरचं एखादं पान, तेही उजेड दुरुस्त करून. पट्टा कॉलरच्या वरून गेलेला असेल तर ते पान दबून बसलेलं असतं. नुसता पट्टा पुसला तर कॉलरवर कुणीतरी बसून उठल्यासारखं दिसतं. मग दुसरं पान उचलून, पलटून, त्याचं टोक थोडं वाकवून बसवायचं आणि त्याच्यावर वेगळ्या थरात अंधार-उजेड घालायचा. काकाजींच्या फोटोत पट्टा सुदैवाने कॉलरच्या खालून गेला होता, म्हणजे मुलगा नीटनेटका होता. बायोडाट्यात हा गुण लिहायला जागा नसते.

शर्ट एकदा जमतो, मान सहजासहजी जमत नाही. गोल गळ्याचा टी-शर्ट असला की पट्टा सरळ कातडीवरून जातो, आणि तिथे चौकडीचा आधारही नसतो. मोह असा होतो, की गालावरची छान गुळगुळीत कातडी उचलून मानेवर लावावी. तसं केलं की मान चेहऱ्याच्या रंगाची होते आणि माणूस उगाच सुजल्यासारखा दिसतो. मान ही चेहऱ्यापेक्षा वेगळी वस्ती आहे. हनुवटीची सावली तिच्यावर पडते, म्हणून वरचा भाग गडद आणि खालचा उजळ असतो. तिच्यावर दोन-तीन आडव्या रेषा असतात, मधे कंठमणी असतो, कानामागून गळ्याच्या खळग्यापर्यंत तिरका उतरणारा एक स्नायू असतो. नागपुरात आणखी एक गोष्ट असते. कॉलरच्या वर ऊन लागलेलं आणि कॉलरच्या आत न लागलेलं, अशी सरळ सीमारेषा. हे सगळं सांभाळायचं तर मानेला मानेचीच कातडी द्यावी लागते, तीही त्याच उंचीवरची. उत्साहाच्या भरात मानेवरच्या रेषाही पुसल्या, तर तिशीतल्या मुलाचं डोकं शाळकरी मानेवर बसतं.

इअरफोनची वायर पट्ट्याहून बारीक, आणि म्हणूनच जास्त फसवी. पट्टा निदान सरळ जातो. वायर कानातून निघते, गालाला लागून हनुवटीखाली वळते, मानेवरून कॉलरवर चढते, मधे माइकची गाठ येते, आणि शेवटी दोन वायरी एक होऊन शर्टात शिरतात. मोकळ्या कातडीवर ती घालवायला हीलिंग ब्रश उत्तम. हा 2002 साली फोटोशॉपच्या सातव्या आवृत्तीत आला. क्लोन स्टॅम्प जसंच्या तसं उतरवतो, तर हीलिंग ब्रश उचललेल्या जागेची फक्त पोत घेतो आणि रंग-उजेड जिथे लावतोय तिथल्या आजूबाजूचा घेतो. त्यामुळे जोड दिसत नाही. पण ज्या आजूबाजूवर तो विसंबतो ती मिसळलेली असली, की त्याचा गोंधळ होतो. जबड्याच्या कडेला एका बाजूला उजळ गाल आणि दुसऱ्या बाजूला काळी सावली. तिथे हीलिंग चालवलं की दोन्हींचा मिळून एक मळकट डाग उठतो आणि नुकतीच दाढी केलेल्या माणसाला तिथेच काजळ लागतं.

म्हणून वायर कधी एका दमात पुसायची नाही. मोकळ्या कातडीवर छोट्या छोट्या तुकड्यांत हीलिंग, आणि जिथे ती जबडा, कॉलर किंवा केस ओलांडते तिथे थांबून क्लोन स्टॅम्प. अगदीच हीलिंग हवं असेल तर आधी कडेला लागून निवडीचं कुंपण घालायचं, म्हणजे ब्रशला पलीकडचा रंग घेता येत नाही. वायर गेली की तिची सावली शोधायची. ती वायरीला चिकटून नसते, जिथे वायर अंगापासून सुटलेली असते तिथे सावली बोटभर बाजूला पडते. वायर नसलेल्या मानेवर एक वाकडी बारीक सावली एकटीच उरली, तर मानेला तडा गेल्यासारखं दिसतं.

शेवटी कान. कानातलं बोंडूक काढलं की तिथे कानाची वाटी घडवायची. दुसरा कान दिसत असेल तर त्याची वाटी पलटून, लहान करून, सावली देऊन बसवता येते. दोन कान कुणाचेच तंतोतंत सारखे नसतात, पण ते ताडून पाहणारं स्थळ अजून यायचं आहे. आता बिनवायरीचे इअरबड्स आल्यामुळे वायरीचं काम कमी झालं, असं म्हणेपर्यंत गळ्यात अडकवायचा ब्लूटूथचा पट्टा आला. तो मानेच्या दोन्ही बाजूंनी जाड कडा धरून बसतो आणि लोक तो झोपेतही काढत नाहीत. आमचा धंदा बसू नये याची काळजी कुणीतरी घेत असावं.

आता प्रश्न असा, की काम जमलं हे कळतं कसं? आपला डोळा तासभर तीच चौकडी पाहून निर्ढावलेला असतो, त्याला विचारून उपयोग नाही. म्हणून फोटो आडवा पलटून पाहायचा. डोळ्याला तो नवा वाटतो आणि चूक चटकन दिसते. मग तो लहान, अंगठ्याच्या नखाएवढा करून पाहायचा. त्या आकारातही छातीवर एखादा तिरका पट्टा धूसर जाणवला, तर खालची सावली राहिली आहे. आणि एक खास थर ठेवायचा, ज्यातली कर्व्हची रेघ मुद्दाम खालीवर नाचवलेली असते. त्याने फोटोचे रंग भूतबाधा झाल्यासारखे दिसतात, पण मधल्या उजेडातले बारीक फरक फुगून वर येतात आणि रफूचा प्रत्येक टाका ओरडून सांगतो की मी इथे आहे. एकाच तिळाचं जुळं भावंड दोन बोटांवर दिसलं, तर आपण तीच जागा दोनदा उचलली. आणि भरलेली जागा बाकीच्या फोटोपेक्षा जास्त गुळगुळीत दिसत असेल, तर तिथे थोडा दाणा मिसळायचा, कारण फोनचा कॅमेरा घरातल्या उजेडात कापडावर आपल्याकडून दाणा घालतो, आणि दाणा नसलेली जागा प्लास्टिकची वाटते.

बायोडाट्याच्या कागदावर हे बहुतेक खपून जातं. पण लग्न ठरलं, की तोच फोटो फ्लेक्सवर जातो. आमच्याकडे आनंद झाला की तो चौकात सहा फुटांवर टांगायची पद्धत आहे. बोटभर फोटोत जो जोड दिसला नव्हता तो तिथे वीतभर होतो आणि येणारे-जाणारे सिग्नलवर थांबून नवरदेवाच्या छातीकडे पाहत राहतात. म्हणून पट्टा काढायच्या आधीच मी विचारून घेतो, की हा पुढे किती मोठा होणार आहे. काकाजी म्हणाले, “ते आता देवालेच माहीत.” मी सहा फुटांचा हिशेब धरला.

एक फोटो मात्र आम्ही हातात घेत नाही. पासपोर्ट किंवा व्हिसाचा. तिथे ‘जरा पट्टा काढून द्या’ चालत नाही. अमेरिकेच्या व्हिसाचा दोन इंच बाय दोन इंचाचा फोटो घ्या. माणसाचं रूप बदलेल अशी कुठलीही डिजिटल दुरुस्ती त्यात नको, असं त्यांनी स्पष्ट लिहून ठेवलं आहे, आणि कानात हेडफोन किंवा बिनवायरीचं यंत्र असलेला फोटोही नको. म्हणजे वायर असलेला चालत नाही आणि काढून टाकलेला तर त्याहून नाही. अशा वेळी मी गिऱ्हाइकाला पांढऱ्या पडद्यापुढे उभं करतो, पट्टा काढून खिशात ठेवायला सांगतो आणि नवा फोटो काढतो. हसायचं नसतंच, त्यामुळे तिथे सगळे छान येतात.

काकाजींचा फोटो तयार झाला तेव्हा ते काकूंना घेऊन आले. काकूंनी तो पाहिला, मोठा करून पाहिला, गळ्यापाशी बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाल्या, “असाच तर दिसते आमचा सोन्या.” याहून मोठं प्रशस्तिपत्रक नसतं. मग त्यांनी तो लगेच मुंबईच्या मामाजींना पाठवला, कारण स्थळं मामाजी पाहत होते. दोन मिनिटांत फोन आला. काकाजींनी स्पीकर लावला.

“फोटो छान आहे,” मामाजी म्हणाले, “पण पट्टा काहून काढला? त्या पट्ट्यावरच तर कंपनीचं नाव होतं! मुलीकडचे पहिले तेच पाहतात.”

काकाजी माझ्याकडे पाहू लागले. मी मूळ फोटोला हात लावला नव्हता, सगळी रफू वरच्या थरात होती. मी त्या थराशेजारचा छोटा डोळा बंद केला. पट्टा, सावली, गुलाबी झाक, सगळं आपापल्या जागी परत आलं. काकूंनी “अगं बाई” म्हटलं.

शेवटी दोन्ही फाइली दिल्या. ज्यांना मुलगा पाहायचा आहे त्यांच्यासाठी एक, ज्यांना नोकरी पाहायची आहे त्यांच्यासाठी दुसरी. काकाजींनी खिशात हात घालत विचारलं, “हा दुसरा, पट्टेवाला, याचे किती झाले?”

“त्याचे काही नाही जी,” मी म्हटलं. “पट्टा घालायला काहीच लागत नाही. सगळा खर्च तो काढायचाच असतो.”